हॉकीच्या जुन्या मैदानावर फुटबॉलची आखणी: पेनल्टी एरिया लहान करायचा का?

पाऊलवाट
गवताचं एक मैदान आता फुटबॉलसाठी वापरायचं ठरलंय. आधी ते हॉकीचं होतं, त्यामुळे रेषेपासून रेषेपर्यंत ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद आहे. फुटबॉलचे गोलपोस्ट दोन्ही टोकांना मधोमध पुरून झालेत, १० सेंटीमीटर व्यासाचे गोल पाइप आहेत. आता फक्की मारायची आहे. आमच्यात एक मत असं की मोठ्या मैदानांची मापं १०५ × ६८ असतात, आपलं त्याहून लहान, तर पेनल्टी एरिया, गोल एरिया, मधलं वर्तुळ हे सगळं त्याच प्रमाणात लहान करावं. दुसरं मत असं की ही मापं ठरलेली आहेत, त्यांना हात लावू नये. सामने मोठ्यांचे, ११ विरुद्ध ११.
बरोबर काय? आणि टेप, दोरी, खुंट्या एवढ्यावर हे अचूक कसं आखायचं?

जुना_रेफरी
दुसरं मत बरोबर. मैदानाची लांबी ९० ते १२० आणि रुंदी ४५ ते ९० मीटर चालते, तुमचं त्यात बसतं. आतल्या खुणा मात्र मैदानाबरोबर लहानमोठ्या होत नाहीत. पेनल्टी एरियाचं १६.५, गोल एरियाचं ५.५, पेनल्टी स्पॉटचं ११ आणि मधल्या वर्तुळाच्या त्रिज्येचं ९.१५ मीटर ही मापं मोठ्यांच्या सामन्यात सगळीकडे तीच. लहान मुलांच्या सामन्यांसाठी बदल करायची मुभा आहे, पण तो तुमचा प्रश्न नाही.
कारणही सरळ आहे. पेनल्टीचं अंतर किंवा फ्रीकिकला खेळाडूंची भिंत किती दूर उभी राहते हे मैदानागणिक बदललं तर खेळच बदलेल.

नवखा
पण ५५ मध्ये ४० मीटरचा पेनल्टी एरिया मावतो का? बाजूला काय उरतं?

मोजपट्टी
मावतो. पेनल्टी एरियाची रुंदी ४०.३२ येते: गोल ७.३२, अधिक दोन्हीकडे १६.५. म्हणजे ५५ मध्ये दोन्ही बाजूंना ७.३४ मीटर उरतं. अरुंद वाटेल, विंगर जरा दाटीने खेळतील, पण नियमात आहे.

आखणीत सगळ्यात जास्त चुका कुठे होतात ते आधी सांगतो, मग आकडे.

पहिली गोष्ट, रेषेची जाडी. प्रत्येक रेषा ती ज्या भागाला घेरते त्या भागाचाच हिस्सा असते. त्यामुळे सगळी मापं रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंत घ्यायची. तुम्ही जी दोरी ताणाल ती बाहेरची कड समजा आणि फक्की दोरीच्या आतल्या अंगाला टाका. बरेच जण दोरी मधोमध धरून यंत्र तिच्यावरून चालवतात. मग १० सेंटीमीटरच्या रेषेत दर बाजूला ५ सेंटीमीटर बाहेर जातात आणि पेनल्टी एरिया १० सेंटीमीटर जास्त रुंद होतो. मधली रेषा हाच अपवाद, ती मध्यबिंदूंवर दोन्हीकडे सारखी वाटून काढतात.

दुसरी गोष्ट, मैदानाचे कोपरे. एक लांब बाजू पक्की धरा, तिच्या टोकाला ६ आणि ८ मीटर मोजून तिरकस १० येतंय का बघा, म्हणजे काटकोन मिळतो. पण ८-१० मीटरवर बरोबर आलेला कोन ५५ मीटरवर गेल्यावर थोडा सरकतोच. म्हणून चारही बाजू झाल्यावर दोन्ही कर्ण मोजा. ९१.४ × ५५ ला दोन्ही १०६.६७ यायला हवेत. चारही बाजू बरोबर असून कर्ण वेगळे आले तर मैदान तिरकं झालंय. अशा वेळी पक्की धरलेली बाजू हलवू नका, समोरची लांब बाजू तिच्याच दिशेत सरकवा. किती? तुमच्या मापाच्या मैदानात कर्णांमधल्या फरकाच्या साधारण सहा दशांश. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा २० सेंटीमीटर मोठा असेल तर १२ सेंटीमीटर सरकवायचं, मोठा कर्ण लहान होईल अशा बाजूला.

हॉकीप्रेमी
मग हॉकीचा जुना डी, म्हणजे गोलासमोरची अर्धगोल रेषा, तशीच ठेवा की. डीच्या आतून मारला तरच गोल धरायचा असतो ना, त्याचं माप १४.६३ आहे. तो आधीच आखलेला असेल, काम वाचेल.

जुना_रेफरी
हॉकीप्रेमी, तुमचं माप बरोबर आहे, पण ते हॉकीचं. फुटबॉलमध्ये गोल कुठूनही मारता येतो, आणि फुटबॉलचा डी म्हणजे पेनल्टी एरियाच्या बाहेर डोकावणारी छोटी कमान. नाव एकच पडलंय, काम पूर्ण वेगळं.
उलट पाऊलवाट यांना सांगतो, जुन्या रेषा झाकाच. गवतावर फुटबॉलच्या नियमांत सांगितलेल्या रेषांशिवाय दुसरी रेषा चालत नाही. कृत्रिम गवतावर दुसऱ्या खेळाच्या रेषा वेगळ्या रंगात आणि स्पष्ट ओळखू येतील अशा असतील तर चालतात. हॉकीचा डी तुमच्या १६.५ च्या बराचसा आतच पडतो. गोलकीपर मागे मागे येताना खाली बघून जागा ठरवतो, त्याला चुकीची रेषा दिसली की गोंधळ ठरलेला. हॉकीचा पेनल्टी स्पॉटही गोलरेषेपासून साधारण साडेसहा मीटरवर असतो, तोही झाका.

मृणाल_द
फुटबॉलच्या डीबद्दल एक शंका. त्यात फाऊल झाला तर पेनल्टी मिळते का? सामना बघताना यावर दर वेळी वाद होतो.

गोली
डी हा पेनल्टी एरियाचाच भाग आहे, त्यात कीपरला बॉलला हात लावता येतो. आणि ५.५ च्या चौकोनात कीपरला कोणी धक्का देऊ शकत नाही, तिथे तो पूर्ण सुरक्षित. पेनल्टी एरियात कुठलाही फाऊल झाला की पेनल्टी. एवढं लक्षात ठेवलं की झालं.

जुना_रेफरी
गोली, यातलं बरंच दुरुस्त करायला हवं.

डी पेनल्टी एरियाचा भाग नाही. तिथे कीपरने हाताने बॉल धरला तर तो हँडबॉल, फ्रीकिक. तिथे फाऊल झाला तर पेनल्टी नाही, साधी फ्रीकिक. मात्र १६.५ ची रेषा स्वतः एरियात येते, त्यामुळे रेषेवर फाऊल झाला तर पेनल्टी. कीपरने रेषेवरचा बॉल धरला तर योग्य, कारण बॉल कुठे आहे ते बघायचं, कीपरचे पाय कुठे आहेत ते नाही.

डीचं काम एकच: पेनल्टी मारली जाते तेव्हा मारणारा आणि कीपर सोडून सगळे बॉलपासून ९.१५ मीटर लांब हवेत. पेनल्टी स्पॉट गोलरेषेपासून ११ वर, एरियाची कड १६.५ वर, म्हणजे स्पॉटपासून कडेपर्यंत फक्त ५.५. नुसतं एरियाबाहेर उभं राहून ९.१५ पूर्ण होत नाही. जेवढा तुकडा कमी पडतो तेवढाच डीने दाखवलाय. सामन्यातल्या बाकी वेळी त्या कमानीला काही अर्थ नाही.

पेनल्टी एरियातला प्रत्येक फाऊल पेनल्टी देत नाही. ज्याला एरवी थेट फ्रीकिक मिळाली असती, आणि तोही बचाव करणाऱ्या संघाने केलेला असेल, त्यालाच पेनल्टी. आपल्या खेळाडूने मुद्दाम पायाने मागे दिलेला बॉल कीपरने हातात घेतला तर एरियातच अप्रत्यक्ष फ्रीकिक मिळते, पेनल्टी नाही.

गोली
डीचं पटलं. पण कीपरचं संरक्षण? ते तर वर्षानुवर्षं ऐकतोय.

जुना_रेफरी
ऐकलेलं निराधार नाही. पूर्वीच्या नियमांत कीपर गोल एरियात असताना त्याला खांद्याने रेटण्याबद्दल वेगळी तरतूद होती. आता ती नाही. कीपरच्या हातात बॉल असेल तर त्याच्यावर चढाई करता येत नाही, पण ते संरक्षण बॉलवरच्या ताब्याचं आहे, मग तो ५.५ मध्ये असो की १५ मीटरवर.

गोल एरियाची आजची कामं मोजकी. गोलकिक त्या चौकोनातून कुठूनही घ्यायची. हल्ला करणाऱ्यांना त्या चौकोनात अप्रत्यक्ष फ्रीकिक मिळाली तर बॉल जागेवर न ठेवता गोलरेषेला समांतर असलेल्या ५.५ च्या रेषेवर आणून ठेवतात, नाहीतर बचाव करणाऱ्यांना उभं राहायला जागाच उरणार नाही. बचाव करणाऱ्यांची फ्रीकिक तिथे असेल तर चौकोनात कुठूनही. २०१९ पासून गोलकिक मारून बॉल स्पष्ट हलला की खेळात आला, तो एरियाबाहेर जायची वाट बघावी लागत नाही. प्रतिस्पर्ध्यांनी मात्र तोवर पेनल्टी एरियाबाहेरच थांबायचं.

पाऊलवाट
सगळ्यांचे आभार. लहान करायचा विषय संपला. मोजपट्टी, गोलरेषेवरचे आकडे द्याल का? पोस्ट पुरलेले आहेत म्हणून मापं कोपऱ्यातून घ्यायची की पोस्टपासून, तिथे आमचं अडलंय.

मोजपट्टी
चांगला मुद्दा. नियमाप्रमाणे १६.५ आणि ५.५ ही मापं पोस्टच्या आतल्या कडेपासून घेतात. म्हणजे चौकोन गोलावरून ठरतात, कोपऱ्यावरून नाही. आधी पोस्ट खरंच मधोमध आहेत का तपासा.

टेप एका कोपऱ्यात अडकवा आणि गोलरेषेवर एकदाच ताणून सगळ्या खुणा सलग वाचा. दर खुणेपासून पुढची खूण मोजत गेलात तर चुका साचत जातात. ५५ च्या रुंदीत वाचन असं येईल: पेनल्टी एरिया ७.३४, गोल एरिया १८.३४, पोस्टची आतली कड २३.८४, दुसऱ्या पोस्टची ३१.१६, मग ३६.६६ आणि ४७.६६. पोस्ट २३.८४ आणि ३१.१६ वर आले तर पुढचं सगळं जुळेल. दोन्ही आकडे एकाच दिशेला ५ सेंटीमीटरने सरकलेले असतील तर काळजी नको, बाकीच्या खुणाही तेवढ्याच सरकवा. पण पोस्टमधलं अंतरच ७.३२ नसेल तर आधी पोस्ट दुरुस्त करावे लागतील, फक्कीने ते झाकता येत नाही.

मग ७.३४ आणि ४७.६६ वरून काटकोनात १६.५ आत या. इथेही कर्ण तपासा: गोलरेषेवरच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत ४३.५७, दोन्हीकडून.

पेनल्टी स्पॉट गोलरेषेच्या मागच्या कडेपासून स्पॉटच्या मध्यापर्यंत ११ मीटर. तपासायची सोपी युक्ती: गोलरेषेच्या मागच्या कडेवर दोन्ही पोस्टच्या आतल्या बाजूंच्या जागा खुणा, तिथून स्पॉटचा मध्य ११.५९ वर आला पाहिजे. एकीकडून ११.५९ आणि दुसरीकडून ११.६५ आलं तर स्पॉट बाजूला गेलाय, नुसते ११ मीटर मोजून हे कळलं नसतं.

मृणाल_द
स्पॉट केवढा काढायचा? काही ठिकाणी बशीएवढा दिसतो, काही ठिकाणी ताटाएवढा.

जुना_रेफरी
बॉलपेक्षा मोठा करू नका, बॉलचा व्यास साधारण २२ सेंटीमीटर असतो. आता नियमात स्पष्ट आहे की पेनल्टीच्या वेळी बॉलचा काही भाग स्पॉटच्या मध्यावर टेकलेला किंवा त्यावर आलेला हवा. स्पॉट मोठा असला की मारणारा बॉल पुढच्या कडेवर ठेवतो आणि रेफरीला दर वेळी मध्य शोधावा लागतो.

नवखा
आणि वर्तुळ? खुंटी ठोकून दोरीने काढायचं ना? ते करायला गेलं की सुरुवात आणि शेवट जुळत नाही, शेवट आत येतो. असं का होतं?

मोजपट्टी
दोरी खुंटीला घट्ट गाठ मारून बांधली म्हणून. तुम्ही गोल फिरता तशी ती खुंटीभोवती गुंडाळत जाते. ३ सेंटीमीटर जाड खुंटी असेल तर एका पूर्ण फेरीत दोरी ९ सेंटीमीटरहून जास्त गिळली जाते. वर्तुळ न होता आत वळत जाणारी चकली होते, आणि ते फक्की टाकून झाल्यावरच लक्षात येतं.

उपाय: गाठ नको, सैल कडी हवी. खुंटीवर लोखंडी कडी घाला, ती फिरू द्या, दोरी कडीला बांधा. लांबी मोजताना खुंटीच्या मध्यापासून ९.१५ धरा, कडीपासून नाही. नायलॉनची दोरी ताणली की लांबते, पहिल्या पावलाला आणि शेवटच्या पावलाला ओढ वेगळी असली की तिथेही फरक पडतो. तार किंवा न ताणणारी टेप घ्या. आधी फक्की न टाकता दर दोन पावलांवर छोटी खूण करत एक फेरी पूर्ण करा. शेवटची खूण पहिलीवर आली तरच यंत्र फिरवा. ९.१५ म्हणजे रेषेची बाहेरची कड.

मध्यबिंदू तुमच्या मैदानात गोलरेषेपासून ४५.७ आणि बाजूच्या रेषेपासून २७.५ वर. दोन्ही कर्ण जिथे छेदतात तिथे तो आला पाहिजे, ही फुकटची तपासणी सोडू नका.

मृणाल_द
वर्तुळाचं काम किक-ऑफपुरतंच का?

जुना_रेफरी
मुख्य तेच. किक-ऑफला मारणारा सोडून सगळे आपापल्या अर्ध्यात आणि प्रतिस्पर्धी बॉलपासून ९.१५ लांब, म्हणजे वर्तुळाबाहेर. मारणाऱ्याचे साथीदार वर्तुळात उभे राहू शकतात. शूटआऊटच्या वेळी मारायची पाळी नसलेले खेळाडू वर्तुळात थांबतात. मधली रेषा ऑफसाइडलाही लागते: खेळाडू नुसता रेषेवर असेल तर तो अजून समोरच्या अर्ध्यात गेलेला नाही.

मोजपट्टी
डी काढायची पद्धत राहिली. खुंटी पेनल्टी स्पॉटच्या मध्यावर, तीच कडी, तेच ९.१५. कमान १६.५ च्या रेषेच्या बाहेरच्या कडेला जिथे भेटते ते बिंदू आधीच खुणून ठेवा: एरियाच्या पुढच्या रेषेच्या मध्यापासून दोन्हीकडे ७.३१ मीटर. दोरी फिरवताना टोक बरोबर त्या खुणांवर आलं तर तुमचा स्पॉट, तुमचा एरिया आणि तुमची दोरी, तिन्ही बरोबर. एका बाजूला टोक खुणेच्या आत आणि दुसऱ्या बाजूला बाहेर गेलं तर स्पॉट बाजूला सरकलाय. दोन्हीकडे बाहेर गेलं तर दोरी लांब झाली किंवा स्पॉट गोलापासून लांब पडला.
एक ढोबळ चूक खूप दिसते: १६.५ च्या रेषेच्या मध्यावरच खुंटी ठोकून छोटं अर्धवर्तुळ काढतात. दिसायला डी, पण पेनल्टीला सगळे चुकीच्या अंतरावर उभे राहतात.

रानवारा
ही मापं एवढी विचित्र का? १६.५, ९.१५. सरळ १५ आणि १० का नाहीत?

जुना_रेफरी
मुळात सगळं यार्डात ठरलं: १६.५ म्हणजे १८ यार्ड, ९.१५ म्हणजे १०, ११ म्हणजे १२, ५.५ म्हणजे ६ आणि गोल ८ यार्ड रुंद. मीटरमध्ये आणताना जवळचा आकडा धरला. १८९१ मध्ये पेनल्टी किक आली तेव्हा स्पॉट नव्हता, गोलपासून १२ यार्डांवर आडवी रेषा होती. आजचे दोन चौकोन १९०२ मध्ये आले. डी तर १९३७ मध्ये, म्हणजे पेनल्टी आल्यानंतर ४६ वर्षांनी.

चुनखडी
रेषेची जाडी १० ठेवायची की १२, यावर कोणी बोललं नाही. आमच्याकडे यंत्र १२ चं आहे, पाऊलवाट यांच्याकडेही तसंच असेल. १२ पर्यंत चालते ना?

मोजपट्टी
कमाल १२ चालते, सगळ्या रेषा सारख्या जाडीच्या हव्यात. पण गोलरेषा पोस्टएवढीच जाड हवी. पाऊलवाट यांचे पोस्ट १० चे आहेत, म्हणून सगळ्याच रेषा १० च्या. १२ ची टाकली तर रेषा पोस्टच्या मागे २ सेंटीमीटर बाहेर दिसेल. संपूर्ण बॉल रेषेपलीकडे गेला तरच गोल. मग एखादा बॉल पोस्टच्या मागच्या कडेच्या पूर्ण पलीकडे गेलेला असेल, आणि जमिनीवरच्या रेषेवर मात्र अजून थोडा असेल. रेफरी कशाला धरणार? यंत्राचं तोंड १० वर आणा, नाहीतर दोन्हीकडे फळ्या लावून फक्की टाका.

चुनखडी
आणि फक्की कसली? विरलेला चुना स्वस्त पडतो.

गोली
चुना नको. कीपर म्हणून सांगतो, त्यावर झेप घ्यावी लागते.

मोजपट्टी
गोलीशी पूर्ण सहमत. विरलेला चुना घाम लागला की कातडीला भाजतो, डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, गवतही जाळतो. खडूची भुकटी किंवा मैदानासाठीचा पाण्यात मिसळायचा रंग घ्या. भुकटी पहिल्या पावसात वाहून जाते हे खरं, म्हणून कोपरे, स्पॉट, मध्यबिंदू आणि डीची दोन टोकं इथे जमिनीच्या पातळीखाली खिळे ठोकून ठेवा. पुन्हा मोजावं लागणार नाही. खिळ्याचं डोकं वर राहणार नाही याची मात्र खात्री करा.

पाऊलवाट
एक अडचण आत्ता लक्षात आली. एका बाजूला ५५ ची रेषा संपल्यावर दीड मीटरवर भिंत आहे. लाइन्समन कुठून धावणार? त्या बाजूने ३ मीटर आत घेऊन ५२ करायचं का?

जुना_रेफरी
दीड मीटर धोकादायक आहे, वेगात आलेला विंगर थांबू शकत नाही. आत घ्याच.

मोजपट्टी
घ्या, पण एका बाजूने नको. पोस्ट पुरलेले आहेत. एका बाजूने ३ मीटर घेतले तर मैदानाचा मध्य दीड मीटर सरकतो आणि गोल मध्यावर राहत नाही. दोन्हीकडून दीड-दीड घ्या. भिंतीकडे ३ मीटर मिळतील, रुंदी ५२, मध्य तोच. मग कर्ण १०५.१६ आणि पेनल्टी एरिया कोपऱ्यापासून ५.८४ वर. चौकोन जागेवरच राहतील, फक्त कोपऱ्यातून वाचायचे आकडे प्रत्येकी दीडने कमी होतील.

गोली
५२ खूप अरुंद होतं. ५.८४ मध्ये विंगरला काय खेळू देणार? भिंतीला गादी लावून ५५ च ठेवावं असं माझं मत.

जुना_रेफरी
गादी लावली तरी लाइन्समनला धावायला जागा मिळत नाही. मी ५२ च्या बाजूने.

पाऊलवाट
आमच्यातही दोन्ही मतं आहेत, उद्या भिंतीजवळ उभं राहून बघतो. दोन्ही रुंदींत पोस्टपासूनची मापं बदलत नाहीत, त्यामुळे पेनल्टी एरिया, स्पॉट आणि डीचं काम आधी सुरू करतो, बाजूच्या रेषा शेवटी.

मोजपट्टी
पण काटकोनासाठी एक लांब बाजू आधी लागेलच. सध्या ५५ ची दोरी ताणून ठेवा, फक्की टाकू नका. ५२ ठरलं तर तीच दोरी दोन्ही टोकांना दीड मीटर आत घ्यायची.